टर्निंग जॉबवर्कला द्यावं की स्वतःचं सीएनसी घ्यावं? ब्रेक-इव्हन बघून मत द्या

भोसरीचा_पिनवाला:
आम्ही ट्रॅक्टरच्या पिना बनवतो, महिन्याला सरासरी 9,000 नग, रेट 100 रुपये. टर्निंग बाहेर देतो, सगळं धरून नगामागे 80 जातात, आणि भाडं, सुपरवायझर, ऑफिस मिळून फिक्स्ड 1,20,000. स्वतःचं सीएनसी घेतलं तर नगामागे 65 च लागतील, पण ईएमआय 60,000, दोन ऑपरेटर 46,000 आणि डिमांड चार्ज, मेंटेनन्स, इन्शुरन्सचे 19,000 वाढतात. नफा 60,000 चा 70,000 होतोय. घेऊ का?

बिनधास्त_इंजिनिअर:
डोळे झाकून घ्या! नगामागे 20 सुटत होते ते 35 सुटणार, ऑर्डर वाढली की बघा नफा कसा पळतो ते. आणि ईएमआय फिक्स्ड खर्चात धरूच नका, त्यातली मुद्दल म्हणजे खर्च नाहीच, घसारा धरा, आठ वर्षं आयुष्य धरलं तर महिन्याला साधारण 30,000 येतो. मग ब्रेक-इव्हन 6,150 च्या आतच येतो, म्हणजे आताच्या 6,000 च्या जवळपासच.

कॉस्टिंगकाका:
ईएमआयचं तुम्ही म्हणता ते पुस्तकी हिशोबाला बरोबर आहे, ऑपरेटिंग लिव्हरेज, म्हणजे विक्री हलली की नफा किती पटीने हलतो ते, काढताना व्याज-मुद्दल बाहेरच ठेवतात, पण बँक महिन्याच्या 5 तारखेला घसारा नाही, हप्ताच मागते. त्यामुळे छोट्या माणसाने आधी कॅशचा ब्रेक-इव्हन बघावा, आणि तो 2,45,000 भागिले 35 म्हणजे 7,000 नग आहे. आज 6,000 ला सुटताय.
आता लिव्हरेज. आज कॉन्ट्रिब्युशन, म्हणजे नगामागे सुटणारे 20 गुणिले 9,000, येतं 1,80,000 आणि नफा 60,000, म्हणजे तिप्पट. मशीन आल्यावर 3,15,000 ला 70,000, म्हणजे साडेचारपट. विक्री 20 टक्के पडून 7,200 वर आली तर आज नफा 60 टक्के पडून 24,000 उरतो, मशीनवाल्या हिशोबात 90 टक्के पडून फक्त 7,000. वर जाताना जो वेग मिळतो तोच खाली येताना. दोन्ही पर्याय 8,333 नगांना सारखे पडतात, तुम्ही त्याच्या जेमतेम वर आहात म्हणून सरासरी 9,000 वर जाऊ नका, मंदीचे महिने काढून बघा.

इचल_लूम:
आमच्याकडे लूमवर मजुरी पीकवर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांवर असते, कापड निघालं तर पैसे, त्यामुळे कामगार हा आमच्यासाठी फिक्स्ड खर्च नाहीच. तुम्ही पण ऑपरेटरला नगावर ठेवा की. बाकी मशीन किती वर्षांत वसूल होतंय ते कोणी सांगितलंच नाही, ब्रेक-इव्हन तोच ना?

कॉस्टिंगकाका:
नाही, पैसे वसूल व्हायला किती वर्षं लागतील हा वेगळा प्रश्न, इथे महिन्याला किती नग विकले की ना नफा ना तोटा ते बघतोय. नगावर ऑपरेटर ठेवला तर लिव्हरेज कमी होईल हे खरं, पण चांगला सेटर काम नसलेल्या महिन्यात बसून राहत नाही, दुसरीकडे जातो.

भोसरीचा_पिनवाला:
डिस्पॅच रजिस्टर काढलं, ट्रॅक्टरचा सीझन नसतो तेव्हा 6,800 पर्यंत उतरलंय.

कॉस्टिंगकाका:
मग त्या महिन्यात आज 16,000 उरतात, मशीन असतं तर खिशातले 7,000 घालायला लागले असते. सलग चार महिने तसे गेले तर हप्ता कॅश क्रेडिटमधून जाणार.

बिनधास्त_इंजिनिअर:
काका एकाच बाजूने बोलताय. गिऱ्हाईक दरवर्षी रेट कमी करा म्हणून मागे लागतंच, 100 चे 97 केले तर दोन्हीकडे 27,000 च जाणार, पण जॉबवर्कवाल्याचे 60,000 मधून आणि मशीनवाल्याचे 70,000 मधून. म्हणजे तिथे मशीनवालाच जास्त टिकतो. शिवाय रिकाम्या तासात बाहेरची कामं घेता येतात.

कॉस्टिंगकाका:
रेटचा मुद्दा एकदम बरोबर, ते साडेचारपट फक्त नग कमी-जास्त झाले तरच लागू होतं, रेट हलला तर नाही. बाहेरच्या कामाचं मात्र कोणाची तोंडी ऑर्डर आहे का ते बघा, मंदीत सगळ्यांचीच मशीनं रिकामी असतात.

भोसरीचा_पिनवाला:
जॉबवर्कवाल्याशी आज बोललो, तो 20 चा रेट 17 करतो म्हणतोय, म्हणजे 9,000 ला 87,000 सुटतील. पण अट आहे, महिन्याला 8,000 नगाचे पैसे नक्की, कमी पाठवले तरी.

कॉस्टिंगकाका:
मग तो 1,36,000 चा फिक्स्ड खर्चच झाला की! 6,800 च्या महिन्यात न पाठवलेल्या 1,200 नगांचे 20,400 भरायचे. तरी त्या महिन्यात सगळं देऊन 16,000 उरतात, म्हणजे आजच्याइतकेच. 8,000 चे 6,000 करून घेता येतंय का बघा, मला तरी मशीनपेक्षा हेच बरं दिसतंय.

बिनधास्त_इंजिनिअर:
आणि वर्षाने त्याने परत 20 मागितले तर? लेखी घ्या आधी.