शब्दचर्चा: 'आमच्या' की 'आपल्या'?

रेघोटी: दोस्तोयेव्स्कीच्या 'करमाझव बंधू' कादंबरीचं पहिलंच वाक्य मराठीत आणताना अडलेय. निवेदक त्याच गावचा. तो 'नाशिवो उयेज्दा' म्हणतो. मी 'आमच्या तालुक्यातले जमीनदार' लिहिलं. मैत्रीण म्हणते, 'आपल्या' हवं, नाहीतर वाचक परका होतो. रशियनला हा भेदच नाही.

मोडीवाला: 'आमच्या'च. मूळ वाक्यात कंसात निवेदक म्हणतोय की आमच्याकडे अजून त्यांचं नाव निघतं. वाचक गावचा असता तर हे सांगावं कशाला? गार्नेटबाईंच्या १९१२च्या इंग्रजी अनुवादात ते कंस गेले, 'बरोबर तेरा वर्षांपूर्वी'मधलं 'बरोबर'ही गेलं. वाक्य नितळ झालं, पण पारावरचा माणूस हरवला. १९९०च्या इंग्रजी अनुवादात पेवियर-वोलोखोन्स्कींनी दोन्ही परत आणलं.

शुद्धमती: कंस मराठीचे नव्हेतच. मोडीत कुठे होते? बखरकार 'करून', 'होऊन' लावत पानभर वाक्य ओढत. तसं करा.

मोडीवाला: बखरीतलं वाक्य पुढे धावतं. हा गडी मध्येच थांबून मागे वळतो, आणि मरणाचा विषय काढून 'ते योग्य जागी सांगेन' म्हणत लटकवून ठेवतो. 'तेरा वर्षांपूर्वी दुःखद, गूढ मरण ओढवलेल्या जमीनदाराचा तिसरा मुलगा' असं केलंत की सगळं नामाआधी कोंबलं जातं. मरण आधी येतं, मुलगा शेवटी, आणि 'योग्य जागी सांगेन'ला जागाच उरत नाही. त्यापेक्षा असं: 'अलेक्सेय हा आमच्या तालुक्यातले जमीनदार फ्योदोर पावलोविच यांचा तिसरा मुलगा. हे त्यांच्या काळी भलते गाजले (आमच्याकडे अजून नाव निघतं) ते त्यांच्या दुःखद, गूढ मरणामुळे. बरोबर तेरा वर्षं झाली त्याला, आणि ते मी योग्य जागी सांगेनच.'

रेघोटी: पण एकाची तीन वाक्यं झाली की!

बेळगावकर: आमच्याकडे परक्यासमोरसुद्धा 'आपल्या गावात' म्हणतात बरं का. आणि करमाझव की कारामाझोव? मुखपृष्ठांवर दोन्ही पाहिलंय.

शुद्धमती: नावाचं सोडा. 'यांचा' कशाला? त्याच परिच्छेदात निवेदक त्याला हलकट, रंगेल, बेअक्कल म्हणतो.

मोडीवाला: म्हणतो, पण नाव घेतो वडिलांच्या नावासकट. आणि हा बेअक्कल मेला तेव्हा लाखभर रूबल रोख निघाले, हेही तोच सांगतो. गावात अशा माणसाला 'ते' म्हणूनच शिव्या घालतात.

शुद्धमती: तुमच्या गावात. आमच्यात सरळ 'तो'.

रेघोटी: मग पुढे मुलं बापाबद्दल बोलतात तिथे काय? दिमित्री रागात 'तो' म्हणेल, अल्योशा 'बाबा' म्हणेल. निवेदक आधीच 'तो' म्हणाला तर दिमित्रीचा राग दिसणार कसा?

बेळगावकर: आमच्याकडे वडलांना 'तू' म्हणतात हो, रागबिग काही नाही.