मदत हवी आहे: तक्त्यातून ५ येतात, काटा ३६ दाखवतो, मुलं इथेच अडकतात

फळाखडू
नमस्कार मंडळी. मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला गणित शिकवते. यंदा डेरिव्हेटिव्हचे नियम देण्याआधी दोन तास फक्त गाडीवर घालवायचे ठरवलं. सिग्नलवरून सुटलेल्या गाडीचा तक्ता फळ्यावर लिहिला:

| सेकंद | ० | १ | २ | ३ | ४ | ५ | ६ |
|---|---|---|---|---|---|---|---|
| मीटर | ० | १ | ४ | ९ | १६ | २५ | ३६ |

पाचव्या सेकंदाला स्पीडोमीटर किती दाखवेल, असं विचारलं. बहुतेकांनी २५ ला ५ ने भागलं, म्हणजे सेकंदाला ५ मीटर, ताशी १८ किमी. मी म्हटलं, काटा ३६ वर असेल. वर्ग गप्प. मग एक मुलगी म्हणाली, "मॅडम, चार ते पाच सेकंदांत गाडी ९ मीटर गेली, पाच ते सहामध्ये ११. म्हणजे मधे कुठेतरी १०." मला फार आनंद झाला. तेवढ्यात मागून प्रश्न आला: "पण बरोब्बर पाचव्या सेकंदाला गाडी सरकली शून्य, वेळ गेला शून्य. मग हे १० आले कुठून?"

मला धड उत्तर देता आलं नाही. परवा पुन्हा तास आहे. लिमिट हा शब्द न उच्चारता काय सांगाल?

घाटवाट
ताई, मुलांचं एककांचं रूपांतर कच्चं असणार. सेकंदाला १० मीटरला ३.६ ने गुणलं की ३६ येतात, हे आधी घोटून घ्या.

फळाखडू
रूपांतर येतं हो त्यांना. अडतं ते शून्य भागिले शून्यापाशी.

गणितवेडा
सोपं आहे. मधला वेळ लहान करत जा. ४.९ सेकंदांना अंतर २४.०१, म्हणजे ०.१ सेकंदात ०.९९ मीटर, वेग ९.९. पाचच्या पुढे ५.१ पर्यंत वेग १०.१. मग ०.०१ घ्या, ९.९९ आणि १०.०१. जितका लहान वेळ तितकं अचूक उत्तर. विषय संपला.

मीटरवाले काका
गणितवेडा, तुमचं उत्तर निम्मं बरोबर. २४.०१ तुम्ही कुठून आणलंत? तक्त्यात ते नाही. वेळेचा वर्ग म्हणजे अंतर, हे सूत्र तुम्ही मनात धरलंत. गाडीवरच्या खऱ्या नोंदी समजा पूर्ण मीटरमध्येच मिळतात. ४.९ ला २४, पाचला २५, वेग १०, उत्तम. आता ४.९४ घ्या: नोंद २४, म्हणजे ०.०६ सेकंदात १ मीटर, वेग जवळजवळ १६.७! ४.९९ घ्या: नोंद २५ च, म्हणजे गाडी उभी! वेळ लहान केला की मोजण्यातली चूक फुगते. हे मुलांना स्वतः करू द्या.

ताई, तुमच्या त्या मुलाला सांगा की तुझं बरोबर आहे, शून्याने कोणीच भागत नाही. मी बरीच वर्षं गाड्यांचे मीटर दुरुस्त केले. आताच्या गाड्यांत सेन्सर फिरत्या भागाचे ठोके मोजतो आणि थोड्याशा वेळातल्या ठोक्यांवरून वेग काढतो. म्हणजे काटासुद्धा नुकत्याच सरलेल्या छोट्या तुकड्याचाच वेग सांगतो. (काटा मुद्दाम किंचित जास्तच दाखवायला बसवलेला असतो, म्हणून खऱ्या गाडीत बरोब्बर ३६ ची अपेक्षा नको.)

मग १० कुठून? पाचच्या आधीचा कुठलाही तुकडा घ्या, वेग १० पेक्षा कमीच. नंतरचा कुठलाही घ्या, जास्तच. दोन्हींच्या मधे बसणारा आकडा एकच उरतो. १० भागाकारातून आले नाहीत, दोन्हीकडून कोंडून सापडले.

फळाखडू
काका, "कोंडून सापडले" हेच फळ्यावर लिहीन.

सानूचीआई
आमचा अकरावीतला मुलगा 2t घडाघडा सांगतो. पण ब्रेक मारल्यावर तक्ता कसा दिसेल विचारलं, तर म्हणाला अंतराचे आकडे कमी होत जातील! गाडी मागे जाते का? आकडे वाढतच राहतात, दोन आकड्यांमधला फरक तेवढा आक्रसतो, हे समजवायला रात्रीचं जेवण लांबलं.

फळाखडू
सानूचीआई, हे घेतेच. परवा ब्रेकचा तक्ताही देते: ३६, ४६, ५४, ६०, ६४. फरक १०, ८, ६, ४.

गणितवेडा
काका, पण कोंडणं जमतं ते गाडी सतत वेग वाढवत असली तरच. सतत ब्रेक असेल तर कमी-जास्त उलटं होईल, तेही ठीक. पण पाचव्या सेकंदालाच ॲक्सिलरेटर सोडून ब्रेक दाबला तर? आधीचे तुकडेही १० च्या खाली, नंतरचेही खालीच. मग कोंडणार कशात?

मीटरवाले काका
मान्य. तिथे कोंडून भागत नाही, दोन्हीकडचे आकडे कशाकडे सरकताहेत तेच बघावं लागतं. पण ते पहिल्याच दिवशी काढू नये असं मला वाटतं.

फळाखडू
मला उलट वाटतंय. तो मागच्या बाकावरचा मुलगा हेच विचारणार. कोणी पहिल्याच तासाला हे घेऊन पाहिलंय का?