कान वाजत असताना तुम्ही कसे झोपता? (अनुभव धागा)

मृदुला

दोन वर्षं झाली, माझ्या दोन्ही कानांत बारीक शिट्टी वाजते. दिवसा घरातल्या आवाजांत ती विरून जाते. रात्री दार लावून दिवा मालवला की खोलीत तेवढीच उरते. तपासणीत वरच्या पट्टीतलं ऐकणं थोडं कमी झालेलं निघालं, बाकी काही नाही. "सवय होईल," असं डॉक्टर म्हणाले. ती कशी करायची हे मात्र कुणी सांगितलं नाही, म्हणून तुम्हा सगळ्यांना विचारते आहे.

माझी सध्याची पद्धत अशी: दहाला अंथरुणात जाते आणि फोनवर पावसाचा आवाज लावते. शिट्टी अजिबात ऐकू येणार नाही इतका मोठा ठेवते आणि 45 मिनिटांचा टायमर लावते. झोप लागते. पण अडीचच्या सुमारास जाग येते तेव्हा पाऊस थांबलेला असतो आणि शिट्टी आधीपेक्षा मोठी वाटते. मग सातपर्यंत नुसती कूस बदलत पडायचं.

तुम्ही कुठला आवाज लावता, किती मोठा, आणि रात्रभर की थोडा वेळ? झोपण्याआधीचा तास कसा घालवता? जे जमलं नाही तेही लिहा.

खर्ज

माझ्या कानात शिट्टी नाही, घुमघुम आहे, लांब कुठेतरी इंजिन चालू असल्यासारखी. तीन वर्षं ब्राऊन नॉइज लावतो, म्हणजे लांबच्या धबधब्यासारखा सलग, जाड आवाज. व्हाइट नॉइज रेडिओच्या खरखरीसारखा कर्कश असतो, त्याच्या नादाला लागू नका. आणि आवाज पुरता झाकला गेलाच पाहिजे, अर्धवट झाकून काय उपयोग? आधी आवाजाची पट्टी तिसऱ्या खुणेवर ठेवायचो, आता आठवीवर लागते, एवढाच फरक. झोप उत्तम.

अक्षता

मृदुलाताई, इअरप्लग वापरून पाहा. आमच्या शेजारी रात्रभर कुत्रं भुंकतं, मेणाचे प्लग घातल्यापासून मला काही ऐकू येत नाही.

श्रवणा

अक्षता, तुमचा त्रास बाहेरच्या आवाजाचा आहे, त्याला प्लग ठीक. मृदुलाताईंची शिट्टी आतली आहे. कान बंद केले की बाहेरचं कमी होतं आणि आतलं आणखी स्पष्ट होतं. झोपताना प्लग घालायला लागल्यावर "आवाज वाढला" म्हणून आलेले बरेच जण मी पाहिले आहेत.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. एकवीस वर्षं कान वाजणाऱ्या माणसांसोबत काम करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

खर्ज, तुमची तिसरी खूण आठवीवर गेली, यातच मृदुलाताईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. शिट्टी पूर्ण बुडवली तर त्या वेळी आराम पडतो, पण मेंदूला ती ऐकून सोडून देण्याची संधीच मिळत नाही. आवरण निघालं की ती नव्याने समोर उभी राहते. अडीच वाजता नेमकं हेच होतं: मोठ्या पावसानंतर एकदम शांतता, आणि त्या शांततेत शिट्टी.

आमच्याकडे पातळी ठरवण्याची पद्धत साधी आहे. रात्री नेहमीसारखं पडा, दिवा बंद करा, आवाज शून्यावर ठेवा आणि सावकाश वाढवत जा. आधी तो जेमतेम ऐकू येईल. पुढे एक जागा अशी येईल की शिट्टी आणि पाऊस एकमेकांत मिसळायला लागतात, दोन्हींच्या कडा पुसट होतात. तिथून एक पायरी खाली या. शिट्टी ऐकू आलीच पाहिजे, पण एकटी नको. ही पातळी जागेपणी एकदाच ठरवायची. अपरात्री वैतागून ती वाढवायची नाही, कारण तेव्हा हात नेहमी वरच जातो. शेजारी पडलेल्या माणसाशी हळू आवाजात बोलता येत नसेल, तर आवाज नक्की जास्त आहे.

इअरफोन नको. हाताच्या अंतरावर किंवा त्याहून लांब छोटा स्पीकर ठेवा. पाऊस चालेल, पण गडगडाट नसलेला. शब्द किंवा सूर असले की लक्ष त्यांच्यामागे जातं. आणि ध्वनिमुद्रण लांब असू द्या. दर दोन मिनिटांनी तोच एक थेंब 'टप्' करत असेल, तर तिसऱ्या रात्री तुम्ही त्याचीच वाट पाहत पडाल. रात्री जाग येत असेल तर टायमर काढा.

ब्राऊन नॉइजमध्ये खालच्या पट्टीचा जोर असतो, म्हणून खर्ज यांच्या घुमघुमीला तो जुळतो. बारीक शिट्टीला कदाचित नाही जुळणार. पण पट्टी जुळलीच पाहिजे असंही नाही. जो आवाज पाच मिनिटांत विसरायला होतो, तो तुमचा.

खर्ज

पण मला झोप लागते आहे ना? मग बदलू कशाला?

श्रवणा

लागते आहे तर घाई नाही. फक्त आठवरून नऊवर जाऊ नका. दर आठवड्याला किंचित खाली येऊन पाहा.

वामन

मी 71 वर्षांचा आहे. दिवसभर श्रवणयंत्र लावतो, तोवर कान फारसे वाजत नाहीत. रात्री यंत्र काढून डबीत ठेवलं की पाच मिनिटांत किर्र सुरू होतं, रातकिड्यांसारखं. टेबलावर स्पीकर ठेवून पाहिला. मला ऐकू येईना आणि बायकोला झोप येईना. मग मुलीने उशीखाली ठेवायचा चपटा स्पीकर आणून दिला. आता माझ्यापुरतं ऐकू येतं आणि तिची झोप मोडत नाही. त्याची वायर मात्र उशीच्या वरच्या बाजूने काढा, नाहीतर कूस बदलताना ओढली जाते.

आणखी एक बदल केला. यंत्र काढल्याबरोबर झोपायला जायचो, ते बंद केलं. आता आधी स्पीकर चालू करतो, मग यंत्र काढतो. मधली शांतता येऊच देत नाही.

निवांत

माझा आवाज थोडा वेगळा आहे, पण इथेच विचारतो. फक्त डाव्या कानात येतो आणि धप्-धप्-धप् असा. डाव्या कुशीवर झोपलो की वाढतो. पंख्याच्या आवाजात लपतो, म्हणून पंखा लावून झोपतो. चार महिने झाले. यालाही सवय होईल का?

श्रवणा

निवांत, एका हाताने नाडी धरा आणि बघा: धप् नाडीच्या ठोक्याबरोबर पडतो का?

निवांत

आत्ताच पाहिलं. हो, बरोबर ठोक्याला. जिना चढून आलो तेव्हा तोही भराभर पडत होता.

श्रवणा

मग याला पंख्याने झाकून सवय करायची नाही, आधी तपासून घ्यायचं. नाडीबरोबर वाजणारा आवाज बऱ्याचदा रक्तप्रवाहाशी जोडलेला असतो. कारण साधंही निघतं, पण ते शोधावं लागतं. त्यातून तुमचा एकाच कानात आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञांना "एका कानात, नाडीच्या ठोक्याला" हे दोन्ही शब्द सांगा. आणि कुणालाही एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं, तर त्याच दिवशी दाखवा. त्यावरचे उपचार लवकर झाले तरच कामाचे असतात.

केदार

श्रवणाताईंनी आवाजाचं सांगितलं ते पटतं, पण माझी झोप आवाजाने सुधारली नाही, वेळापत्रकाने सुधारली. सहा महिने मी पाऊस, समुद्र, झरा, पंखा बदलत राहिलो. शेवटी झोपेच्या समुपदेशकांकडे गेलो. त्यांनी दोन आठवडे वही लिहायला लावली: अंथरुणात कधी गेलो, अंदाजे कधी झोपलो, किती वेळा उठलो, कायमचा कधी उठलो.

वहीतून निघालं ते असं. रात्री 10 ते सकाळी 7, म्हणजे नऊ तास मी अंथरुणात होतो आणि झोप सरासरी साडेपाच तास. म्हणजे रोज साडेतीन तास अंधारात पडून शिट्टी ऐकायचा सराव चालला होता. अंथरूण दिसलं की शिट्टी आठवायची, ती या सरावानेच.

मग उठायची वेळ सकाळी 6 पक्की केली, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, आणि झोपायला जायची रात्री 12. सहाच तास. पहिला आठवडा फार वाईट गेला. दुपारी डोळे मिटायचे, शिट्टी मोठी वाटायची, गाडी चालवणं मी बंद ठेवलं. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी सहापैकी सव्वापाच तास झोप झाली. आकडा आधीपेक्षा कमी आहे, पण ती सलग होती. अंथरुणातल्या वेळापैकी 85 टक्क्यांहून जास्त झोपेत गेला की झोपायची वेळ पाव तास अलीकडे घ्यायची, असा नियम होता. 11:45, मग 11:30. 11:15 ला घसरलो तेव्हा परत 11:30 वर गेलो आणि आठवडा थांबलो. अडीच महिन्यांनी 11 ते 6 वर स्थिर झालो, आता सव्वासहा तास झोप होते.

रात्री जाग आली तर घड्याळ पाहत नाही, त्याचं तोंड भिंतीकडे. वीसेक मिनिटं झाली असं वाटलं की उठून दुसऱ्या खोलीत खुर्चीत बसतो. मंद दिवा, हळू पाऊस, आधी वाचलेलं पुस्तक. पापण्या जड झाल्या की परत. शिट्टी अजून आहे, अगदी तेवढीच.

फिट येणाऱ्यांनी किंवा बायपोलर आजार असणाऱ्यांनी हे स्वतःहून करू नये, असं मला स्पष्ट सांगितलं होतं. इतरांनीही पाच तासांच्या खाली जाऊ नये.

श्रवणा

केदार यांच्याशी मी सहमत आहे, आणि माझ्याच कामाची मर्यादाही सांगते. ध्वनी ऐकवण्याच्या उपचारांचा 2018 मध्ये कोक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने आढावा घेतला, त्यात ते इतर पर्यायांपेक्षा वरचढ असल्याचा पुरावा मिळाला नाही. विचार आणि सवयी बदलणाऱ्या उपचारांमागे, म्हणजे सीबीटीमागे, जास्त भक्कम आधार आहे. तरीही रात्रीच्या हलक्या आवाजाने पुष्कळांना आराम पडतो, म्हणून मी तो सुचवते.

जुई

मी आवाज लावून झोपायचं सोडून दिलं. वर्षभर रात्रभर पाऊस लावला, मग कुठे मुक्कामाला गेलं आणि स्पीकर विसरला की रात्र संपली. त्या भीतीनेच झोप जायची. दर आठवड्याला थोडा थोडा कमी करत बंद केला. आता शांत खोलीत झोपते. म्हणजे रात्रभर लावणं बरोबर की चूक?

श्रवणा

यावर आमच्यातही एकमत नाही. झोप मोडत असेल त्या काळात रात्रभर लावावा असं माझं मत. कायम लावायचा की सोडायचा हे मी माणूस बघून ठरवते.

मृदुला

बारा रात्रींनंतर लिहिते आहे. त्या पद्धतीने माझी पातळी तिसऱ्या खुणेवर आली, आधी नवावर होती! टायमर काढला. पहिल्या दोन रात्री एक वाजेपर्यंत झोप नाही, शिट्टी सारखी ऐकू येत होती आणि परत नवावर न्यावं असं फार वाटलं. पाचव्या रात्रीपासून साडेअकराच्या आत लागते. अडीचची जाग अजून येते, पण तेव्हा पाऊस चालू असतो, दचकायला होत नाही.

केदार, तुमचे नऊ तास वाचून मी माझे मोजले. तेही नऊच निघाले. परवापासून एकदम बारा ते सहा करू का?

केदार

ताई, आधी दोन आठवडे वही लिहा. माझे सहा तास माझ्या साडेपाचवरून ठरले होते. तुमची झोप साडेसहा निघाली, तर तुम्ही उगाच उपाशी राहाल.

निवांत

शुक्रवारची वेळ मिळाली आहे. डॉक्टरांनी फोनवर दोनदा विचारलं, "नाडीबरोबरच का?"