पार्सल उघडताना साडीतली गाठ दाखवायची का?

सूतगुंडी: नागपुरात घरूनच कोशाच्या साड्या विकते, बहुतेक करवती काठाच्या. पार्सल उघडून दाखवायचा दीड मिनिटाचा व्हिडिओ करतेय. त्यात पदराजवळची गाठ मी जवळून दाखवली. जाऊबाई म्हणतात, "आपल्याच मालाची बदनामी काहून करते?" ठेवू की काढू?

इतवारीवाला: काढा ताई. मी बावीस वर्षं गादीवर बसतो. दुकानात बाई साडीवरून हात फिरवते, गाठ बोटाला लागते, तिला त्यात काही वाटत नाही. पण कॅमेरा ज्वारीच्या दाण्याचं बोर करतो. गाठ दिसली की पहिला प्रश्न, "मग किती कमी करता?" काठ दाखवा, पदर दाखवा, मोकळे व्हा.

धोटा: कॅमेऱ्याचं बोलणं खरं आहे, म्हणून गाठीशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा. आकाराचा प्रश्नच उरत नाही. पण गाठ काढू नका. रानातल्या कोशाचा धागा मुळातच कुठे जाड, कुठे बारीक येतो. न सांगता पाठवली तर तीच गाठ गिऱ्हाइकाला घरी दिसते आणि ती 'डिफेक्ट' म्हणून फोटो पाठवते.

मात्र गाठ आणि दोष यांत गल्लत नको. नखाने हलकं सरकवून पाहा. गाठ धाग्यातच राहते, धागा पुढे सलग जातो. धागा तुटलाय, वीण सुटलीय किंवा आडवी रिकामी रेघ पडलीय, तर तो दोष. तो सांगायचा आणि किंमतही कमी करायची. वाक्य साधं ठेवा: "पदरापासून वीतभर आत ही गाठ आहे. धागा तुटलेला नाही. अशा अजून चारेक दिसतील." आकडा मोजूनच सांगा, अंदाजाने नाही.

फुटाळा_संध्याकाळ: एवढं कशाला? कॅमेऱ्यासमोर धागा जाळून दाखवा. केस जळल्यासारखा वास आला, राख चुरली की अस्सल रेशीम. विषय संपला.

धोटा: वास व्हिडिओत येत नाही हो! आणि धागा कुठला जाळणार? लोक पदराची झालर ओढतात, ती उभ्या धाग्यांची असते. आडवा कोशाचा आणि उभा भलताच, किंवा त्याच्या उलटंही असू शकतं. ब्लाउजपीसच्या कापलेल्या कडेचा आडवा धागाही काढून वेगळा जाळावा लागतो. त्यात करवती काठ सुताचा. तो जाळला तर कागदासारखा वास येईल आणि कोणीतरी म्हणेल, बघा, नकली! त्यापेक्षा "अंग कोशाचं, काठ सुताचा" असं तोंडाने आधीच सांगा. सिल्क मार्कची चिठ्ठी असेल तर तिचा नंबर वाचता येईल इतका वेळ कॅमेरा धरा. नसेल तर "नाही" म्हणा.

महालची_लेक: मी तर म्हणते, गिऱ्हाइकाकडून व्हिडिओ मागणंच बंद करा. मधाच्या रंगाची साडी मागवली, आली हिरवट. परत घ्या म्हटलं तर "पार्सल उघडतानाचा व्हिडिओ दाखवा". लेकाने पाकीट आधीच फाडलं होतं, बसले हात चोळत.

धोटा: ताई, इथे व्हिडिओ साडी विकणाऱ्या बाईंचा आहे. पण तुमचं प्रकरण कामाचं आहे. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे वस्तू सदोष असेल किंवा सांगितल्यासारखी नसेल, तर विक्रेता परत घ्यायला नाही म्हणू शकत नाही. भांडण मग पुराव्याचं उरतं.

तुमचा रंग बहुधा ट्यूबलाइटने बदलला असावा. सूतगुंडी, सकाळी खिडकीपाशी शूट करा, उन्हाची तिरीप साडीवर नको. फ्रेमच्या कोपऱ्यात पांढरा कोरा कागद ठेवा. कागद पिवळा किंवा निळसर दिसला तर साडीचाही रंग खोटा दिसतोय. स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा, फिल्टर नको.

मग टेप लावा, मध्ये कट न घेता: "साडी साडेपाच मीटर, ब्लाउजपीस 80 सेंटिमीटर." तुमच्या टेपवर जे येईल तेच बोला. शेवटी धुण्याचं: "पहिली धुलाई ड्रायक्लीन. घरी धुतली तर काठ आणि अंग सारखं आखडेलच असं नाही, काठाला चुण्या पडू शकतात."

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक साडीला तुम्ही दिलेल्या नंबराची चिठ्ठी. हातमागाच्या दोन साड्या सारख्या नसतात. 17 नंबरची दाखवून 18 नंबर पाठवली तर हा सगळा खरेपणा खोटा ठरला. नंबर व्हिडिओत दाखवा आणि तीच चिठ्ठी घडीत घाला.

इतवारीवाला: आठवड्याला तीन साड्या विकणाऱ्याला हे जमते भाऊ. दिवाळीत चाळीस गेल्या तर चाळीस व्हिडिओ कोण काढणार?

धोटा: तेव्हा धुण्याचं, काठाचं सामाईक ठेवा. रंग, गाठी आणि नंबर यांचा वीस सेकंदांचा तुकडा मात्र प्रत्येकीचा वेगळा.

इतवारीवाला: चाळीस गुणिले वीस सेकंद, अन् घडी घालायचा वेळ धरलाच नाही तुम्ही.

सूतगुंडी: गाठ ठेवतेय. नाणं धरायला जाऊबाईंनाच बसवलं. घडीला मला सहा मिनिटं लागतात, दिवाळीचं अजून कळत नाही.