मदत हवी आहे: बटाट्याची साल खायची की काढायची? हिरव्या बटाट्यांचं काय करू?

नाशिकची_मेघा
नमस्कार मंडळी, घरात सध्या बटाट्यावरून शीतयुद्ध चालू आहे. सासूबाई म्हणतात सगळं सत्त्व सालीत असतं, तुम्ही आजकालच्या बायका ते केरात टाकता. त्यामुळे त्या साली जमवून तीळ आणि लसूण घालून तव्यावर कुरकुरीत परततात, चटणीच म्हणा ना, आणि खरं सांगायचं तर ती लागते भारी. माझी मुलगी चार वर्षांची, पंधरा किलोची, तिलाही ती जाम आवडते. पण आता मार्केटातून मोठी पिशवी आणलीय, ती बाल्कनीत उघड्यावर राहिली आणि वरचे बटाटे हिरवट झालेत, थोड्यांना कोंबही आलेत. सासूबाई म्हणतात नुसता रंग आहे, धुऊन घे. मी म्हणतेय की निदान याची चटणी तरी नको. कोण बरोबर? आणि चांगल्या बटाट्याची साल रोज खाल्ली तर चालते का?

खवय्या_डोंबिवली
काही होत नाही हो, आम्ही लहानपणापासून सालीसकटच खातोय, रस्सा काय नि भजी काय. हिरवा दिसला तर कुकरला दोन शिट्ट्या जास्त द्यायच्या, जे काय विष असेल ते जळून जातं. आणि विटामिन सगळी सालीतच असतात हे अगदी खरं आहे, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा 😄

लॅबवाली
खवय्या भाऊ, कुकरचा मुद्दा सोडून द्या. हिरव्या बटाट्यात जे वाढतं त्यातलं मुख्य म्हणजे सोलॅनिन आणि चाकोनिन, आणि ती उकळून, वाफवून जात नाहीत. तळताना तेल चांगलंच तापलं तर थोडी कमी होतात, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

मेघा, तुझ्या सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. हिरवा रंग म्हणजे हरितद्रव्य, ते स्वतः अपायकारक नाही, पालकातही तेच असतं. पण बटाट्यावर उजेड पडला की हरितद्रव्याबरोबर सोलॅनिनही वाढतं, म्हणून रंग ही खूण समजायची. धुऊन जाणार नाही कारण ते आतून तयार झालेलं असतं. नखाने साल थोडी खरवडून बघ, माती असेल तर निघून जाते आणि खाली पिवळट पांढरं दिसतं, उजेडाने हिरवं झालेलं असेल तर खालीही हिरवंच दिसेल. आणि उलटंही लक्षात ठेव, आपटलेल्या किंवा चिरलेल्या बटाट्यात हिरवं न होताही ते वाढू शकतं.

आता सालीच्या चटणीचं बघू, कारण माझ्या मते तुझा खरा प्रश्न तोच आहे. आख्ख्या बटाट्यात किलोमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत चालतं असं साधारण धरतात, आणि चांगला बटाटा त्याच्या बराच खाली असतो. पण त्यातलं बरंचसं सालीत आणि सालीखालच्या मिलिमीटर दोन मिलिमीटरमध्ये असतं. चांगल्या बटाट्याच्या नुसत्या सालीतसुद्धा किलोमागे साधारण 150 ते 600 मिलिग्रॅम निघू शकतं. सालीसकट बटाटा खाल्ला तर ते गराबरोबर वाटलं जातं, पण चटणीत तू नुसती सालच घेतेस. समज 300 धरू, तर 50 ग्रॅम सालीत 15 मिलिग्रॅम झालं. वजनामागे किलोला 1 मिलिग्रॅमच्या आसपास त्रास सुरू होऊ शकतो असं युरोपातल्या तज्ज्ञांनी 2020 मध्ये धरलंय, म्हणजे तुझ्या पंधरा किलोच्या लेकीसाठी तेवढीच चटणी सीमेवर आली. तुझ्यासाठी मात्र ती काहीच नाही. त्यात परतल्यावर साल आटते, त्यामुळे मोजायची तर कच्चीच मोजायची, मूठभर कुरकुरीत दिसणारं कच्चं किती होतं ते बघ.

घाबरवत नाहीये, पण हिरव्या बटाट्याची चटणी नकोच, आणि मुलीला चांगल्यांचीही चमचाभर दे, वाटीभर नाही.

पठारावरचा_शेतकरी
मी आंबेगावकडचा, सातगाव पठारावर आमचा बटाटा असतो. ताई, हिरवा बटाटा शेतातही होतो बरं का, म्हणून आम्ही सरीला मातीची भर लावतो, पावसाने माती धुपली की बटाटा उघडा पडतो आणि उन्हानं हिरवा होतो, तो निवडताना बाजूला काढतो. पण घरी आणल्यावर दुकानात, बाल्कनीत, अगदी ट्यूबलाइटखाली ठेवला तरी हळूहळू तेच होतं. गोणपाटात नाहीतर कागदी पिशवीत, अंधारात, हवा लागेल असा ठेवा आणि ठेवण्याआधी धुवू नका, ओल राहिली की सडतो. दुसरं, उजेडात मुद्दाम हिरवे कोंब आणणं हे आम्ही बियाण्याला करतो, तो बटाटा खायचा नसतो.

तुमच्याकडचा कोंब आलेला असेल तर कोंब मुळापासून खड्डा पडेल असा काढा, डोळ्याभोवती जास्त असतं.

सुनील_काका_पुणे
माझ्या वडिलांचं क्रिएटिनिन वाढलंय, डॉक्टरांनी बटाटा कमी सांगितलाय. सालीसकट उकडून दिला तर जास्त पोषण मिळेल ना? सगळे तेच म्हणतात इथे.

लॅबवाली
काका, तुमचं प्रकरण वेगळं आहे, उलटंच करायचं. किडनीच्या पेशंटला पोटॅशियम कमी हवं असतं. साल काढून, बारीक फोडी करून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतून द्यायचं, म्हणजे पोटॅशियम बरंच पाण्यात उतरतं, तरी किती द्यायचा ते डॉक्टरांना विचारूनच. साल ठेवून आख्खा उकडला की पोटॅशियम आणि क जीवनसत्त्व आतच राहतं, निरोगी माणसासाठी तो फायदाच. म्हणून मेघालाही तेच सांगेन, सत्त्व सालीत नाही, बहुतेक गरातच आहे. सालीत फायबर आणि लोह तुलनेनं जास्त असतं, पण सालीचं वजनच किती. उकडताना साल राहू दे, सोलताना पातळ निघते आणि गर वाया जात नाही, मग खायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

खवय्या_डोंबिवली
मग इतकी वर्षं आम्ही जिवंत कसे? 😅

लॅबवाली
कारण तुम्ही चांगले बटाटे खाल्ले 😀 चव कडू लागली, घशात चुरचुरलं तर थुंकायचं, एवढी साधी खूण आहे. लंडनमध्ये 1969 साली शाळेतली 78 मुलं आजारी पडली होती, सुट्टीआधीपासून पडून राहिलेल्या बटाट्यांमुळे, 17 जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. खाल्ल्यावर काही तासांनी उलट्या, जुलाब, पोटात मुरडा, असं होतं.

नाशिकची_मेघा
बरं, मग आता माझ्या पिशवीचं काय? काही थोडे हिरवे, काही अर्ध्याहून जास्त.

लॅबवाली
थोडे हिरवे असतील त्यांचा हिरवा भाग खालच्या दोन-तीन मिलिमीटर गरासकट काप, बाकीचा गर पांढरा आणि घट्ट असेल तर भाजीला वापर. अर्ध्याहून जास्त हिरवे, मऊ पडलेले, सुरकुतलेले असतील ते खतात टाक. मुलीच्या ताटात मात्र हिरव्या बटाट्यातला चांगला भागही मी वाढणार नाही.

भाजीबाजार_नेहमीचा
आणि ते कोल्ड स्टोअरेजमध्ये कोंब येऊ नयेत म्हणून धूर सोडतात ते औषध? ते सालीवरच राहतं ना?

पठारावरचा_शेतकरी
हो, सीआयपीसी म्हणतात त्याला. सालीवर राहतंच, युरोपात 2020 पासून बंद आहे. ताईंच्या बटाट्याला कोंब आलेत म्हणजे बहुतेक मारलेलं नसेल, नाहीतर उतरलं असेल. कोल्डचा माल आहे हे कळलं की आमच्या घरात साल काढतो आणि नवा ताजा बटाटा असला की चोळून धुऊन सालीसकट. बाजारात मात्र विचारूनही खरं कुणी सांगत नाही.

नाशिकची_मेघा
धागा सासूबाईंना वाचून दाखवला. चटणी बंद नाही करणार म्हणाल्या, पण ताजे बघून करीन आणि नातीला बोटभरच देईन. हिरवे कुंडीत लावायचे म्हणून त्यांनी वेगळे काढलेत. पठारावरचे दादा, कुंडीत येईल का हो बटाटा?