२ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरीवर काय करता? अनुभव सांगा

गिरगावची लेक: आमच्या सिमिट्रीत जागा कमी, म्हणून काही वर्षांनी तीच कबर दुसऱ्यासाठी उघडतात. यंदा आईच्या जागी दुसऱ्याच नावाचा क्रूस दिसला. तिच्या अस्थी भिंतीतल्या कप्प्यात आहेत, पण तो डोक्यावर, मेणबत्ती ठेवायला जागाच नाही. हातात पेटलेली मेणबत्ती घेऊन मी नुसती उभी. तुम्ही कुठे लावता?

वसईकर: आमची कबर घरची आहे, त्यामुळे काम आठवडाभर आधी सुरू होतं. पावसाळ्यात वाढलेलं गवत काढायचं, शेवाळ घासायचं, चुना मारायचा, अक्षरं पुन्हा काळी करायची. मिस्सा झाली की फादर पवित्र पाणी शिंपडत ओळीओळीने फिरतात. ते येईपर्यंत मेणबत्ती टिकायला हवी आणि संध्याकाळी खाडीचा वारा सुटतो. बारीक लांब मेणबत्त्या दोन मिनिटांत विझतात. आम्ही पसरट डब्यात वाळू भरून जाड, बुटकी मेणबत्ती अर्धी आत रोवतो. एका वर्षी प्लास्टिकच्या हाराने पेट घेतला, संगमरवर तडकला. तेव्हापासून फक्त ताजी शेवंती, तीही ज्योतीपासून हातभर लांब.

डिसोजांची सून: सांडलेलं मेण ब्लेडने खरवडू नका, पॉलिश जातं. थंड होऊ द्या, प्लास्टिकच्या पट्टीने उचला, मग गरम पाण्यात पिळलेलं फडकं.

नगरचा प्रोटेस्टंट: आम्ही ईस्टरला पहाटे जातो. मृतांसाठी मागणं आमच्यात नाही. त्यांच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानतो, गीत म्हणतो. पण माझी बायको कॅथलिक. २ तारखेला तिच्या बाबांच्या कबरीजवळ मी गप्प उभा राहतो. गप्प राहणं पुरेसं आहे का, हे अजून कळलेलं नाही.

दुबईत नोकरी: २ तारीख चुकली की प्रार्थनेचा उपयोग नाही, असं ऐकलंय. मला तर रजा ५ तारखेची.

माजी सॅक्रिस्टन: तसं नाही. १ ते ८ नोव्हेंबरमध्ये कधीही कबरस्थानात जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली, तर त्या आत्म्यांसाठी पूर्ण दंडमोचन, म्हणजे पापांच्या उरलेल्या शिक्षेची माफी, मिळतं. कबुलीजबाब, प्रभुभोजन आणि पोपमहाशयांच्या हेतूंसाठी प्रार्थना मात्र हवीच. कोविडच्या २०२० साली तर अख्खा नोव्हेंबर दिला होता. तुम्ही ५ तारखेला जा. आणि गिरगावच्या ताई, मेणबत्ती ही काही अट नाही. बहुतेक सिमिट्रीत मधोमध मोठा क्रूस असतो, त्याच्या पायथ्याशी लावा. ज्यांची कबर उरली नाही असे कितीतरी लोक तिथेच लावतात.

गिरगावची लेक: तिथे लावली होती, दादा. पण नाव घेताना डोळे त्या जुन्या जागेकडेच गेले. नव्या क्रूसावरचं नाव एका लहान मुलाचं आहे. पुढच्या वर्षी त्याच्यासाठीही एक नेईन म्हणते. त्याच्या घरच्यांना चालेल ना?