गुडघे-कंबर दुखत असताना वजन कमी केलंय का कुणी? अनुभव सांगा

खडीसाखर: वय ४७, वजन ८४. जिना उतरताना उजवा गुडघा वाटीच्या खाली दुखतो, चढताना तेवढा नाही. जानेवारीत सगळ्यांसारखं मीपण रोज १० हजार पावलांचं खूळ घेतलं, आठव्या दिवशी गुडघा टम्म. मग भाच्याची घरातली उभी सायकल आणली, कपडे वाळत घालायची ती. म्हणलं बसून तर मारायचीय, वजन पडणार नाही, पण पंधरा मिनिटांत तीच जागा दुखायला लागली. आता करू काय? ज्यांना खरंच दुखतंय आणि तरी वजन उतरलंय त्यांनी लिहा.

निवांत: सायकल बंद करा आधी. गुडघ्यातलं वंगण संपतं. माझ्या काकांनी आयुष्यभर सायकल मारली, शेवटी वाट्या बदलल्या.

गवती_चहा: निवांत, वंगण संपतं वगैरे नसतं हो. गुडघे झिजलेल्यांना आम्ही सायकल मुद्दाम देतो (फिजिओ आहे, १४ वर्षं). खडीसाखर, तुमची सीट खाली असणार, भाचा शाळेत आहे ना? सीट खाली असली की पाय वर येताना गुडघा फार दुमडतो आणि त्याच अवस्थेत जोर लावावा लागतो, तो सगळा दाब वाटीच्या मागे. सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल सगळ्यात खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे, पण त्यासाठी कंबर एका बाजूला कलायला नको. मग मारताना चवडा ठेवायचा, आपोआप गुडघ्यात थोडा बाक राहतो. टाइट करायचं बटण अगदी कमीवर. पहिला आठवडा १० मिनिटं, बास.
आणि दुखलं की लगेच घाबरायचं नाही. मारताना थोडं दुखून तासाभरात पूर्वीसारखं झालं तर चालतं. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. पाय लांब करून बसा आणि वाटीच्या आतल्या बाजूची खळी बघा, दुसऱ्या पायाशी ताडून. खळी भरून आली असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं, एक दिवस सुट्टी आणि मग वेळ निम्मी.

पोह्यातला_शेंगदाणा: पोट कमी करायला कुठली सायकल चांगली? बजेट १५ हजार.

गवती_चहा: पोटाची वेगळी सायकल नसते दादा :)

सांगलीकर: माझं कंबरेचं, इथे चालेल ना? गादी सरकलेली. सगळे म्हणाले पोहा, पोहलो, पण मला येतं फक्त बेडकासारखं, त्यात मान वर ठेवून कंबर आणखी धरली. मग कोचने सांगितलं छातीएवढ्या पाण्यात नुसतं चाल. लाज वाटायची, शेजारी पोरं सूर मारतायत आणि मी आपला वरातीत चालल्यासारखा, पण २०-२५ मिनिटं आरामात जमायला लागलं. वजन मात्र त्याने हललं नाही, खरं सांगतो. संध्याकाळचं फरसाण आणि दोन चहा बंद केल्यावर हललं, चार महिन्यांत ५ किलो.
एक चूक सांगतो. मध्ये डाव्या पायातली चप्पल चालताना निसटायला लागली. मला वाटलं चप्पल सैल झाली, नवीन घेतली, तीपण निसटते! बायकोने टाचेवर चालायला लावलं तर डावा चवडा उचललाच जाईना. दुखणं तर उलट कमी झालेलं, म्हणून मी खूश होतो. डॉक्टर म्हणाले नस दबलीय, दहा दिवस कशाला थांबलात. ऑपरेशन टळलं, पण अंगठ्यात ताकद अजून कमीच आहे.

गवती_चहा: हे सगळ्यांनी वाचा. पायातली ताकद गेली तर त्याच दिवशी दाखवा. आणि कंबरदुखीबरोबर लघवी तुंबली किंवा कळेनाशी झाली, बसायची जागा बधिर वाटली, तर रात्र असली तरी थेट इमर्जन्सीत. गुडघा लाल-गरम आणि सोबत ताप, किंवा पायावर भारच देता येत नाही, तरी थांबायचं नाही. गुडघा मध्येच अडकतो, दगा देतो, तर त्या आठवड्यात ऑर्थोपेडिकला दाखवा.

निवांत: काकांना वज्रासनाने फरक पडला होता पण.

गवती_चहा: दुखऱ्या गुडघ्यावर मी नाही देत. काहींना सोसतं, हे मान्य.

खडीसाखर: तीन आठवड्यांनी लिहितेय. सीट तीन भोकं खाली होती! वर केली, आता १८ मिनिटं होतात, खळी जागेवर. वजन ८३.२, म्हणजे विशेष नाही, फरसाणाचं मनावर घेतलंय. जिना उतरताना अजून दुखतंच, मी कठडा धरून उतरते. पट्टा बांधावा का, कुणी वापरलाय?

निवांत: काकांचा पडलाय घरात, साइझ सांगा.